अब्राहम कुणाचा मुलगा?

उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात आजही सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. नॅन्सी हँक्स नावाची गरीब मुलगी अब्राहम एन्लो या सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी कामाला होती. तिला त्याच्यापासून दिवस गेले. एन्लोच्या बायकोने घर डोक्यावर घेतले, म्हणून मुलीला गुपचूप केंटकीला पाठवले. तिथे थॉमस लिंकन नावाच्या माणसाला पैसे देऊन तिच्याशी लग्न करायला राजी केले. मुलगा झाला, त्याला खऱ्या बापाचे नाव दिले अब्राहम, आणि आडनाव मिळाले लिंकन.

ही गोष्ट सांगणारे लोक खोटारडे नव्हते. 1899 मध्ये जेम्स कॅथी या गृहस्थाने त्या भागातल्या वृद्धांकडून ती ऐकून पुस्तकरूपात छापली. सांगणारी माणसे प्रतिष्ठित होती, चर्चला जाणारी होती. एन्लोचा मुलगा वेस्ली याचा फोटो लिंकन यांच्या फोटोशेजारी ठेवून साम्यही दाखवले गेले. दोघेही उंच, हाडकुळे, लांब चेहऱ्याचे. एखाद्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट निव्वळ हवेतून कशी येईल, असे कुणालाही वाटेल. तरीही ती तपासायची कशी, हा प्रश्न उरतोच. लिंकन यांच्या बाबतीत तो इतक्या बारकाईने तपासला गेला आहे की थोर माणसांच्या जन्माविषयीच्या कुठल्याही अफवेकडे कसे बघावे, हे या एका प्रकरणातून नीट शिकता येते.

पहिले काम असते दावा सुटा करण्याचे. अफवा नेहमी सबंध गोष्ट म्हणून येते आणि सबंध गोष्टीला हो किंवा नाही म्हणणे अवघड असते. तिचे तुकडे केले की काही तुकडे आपोआप तपासण्याजोगे होतात. एन्लोच्या गोष्टीत असे तुकडे आहेत: नॅन्सीचे थॉमसशी लग्न झाले तेव्हा ती गरोदर होती किंवा तिच्या कडेवर मूल होते, ते मूल म्हणजे अब्राहम, आणि त्याआधी ती उत्तर कॅरोलायनात एन्लोच्या घरी राहत होती. यांतला लग्नाचा तुकडा कागदावर सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून आधी तोच घ्यावा.

इथेच या प्रकरणातली सर्वांत मोठी गफलत झाली होती. लिंकन यांचा जन्म केंटकीच्या हार्डिन परगण्यात झाला, आणि तिथले कचेरीचे गाव एलिझाबेथटाउन. शोध घेणाऱ्यांनी साहजिकच तिथली दप्तरे चाळली. थॉमस लिंकनच्या दुसऱ्या लग्नाची, 1819 मधल्या सेरा बुश जॉन्स्टन हिच्याशी झालेल्या लग्नाची नोंद मिळाली. नॅन्सीशी झालेल्या लग्नाची नोंद मात्र कुठेच नाही! मग झाले. लग्नच झाले नव्हते, असा निष्कर्ष निघाला. लिंकन यांचे जुने स्नेही वॉर्ड लॅमन यांच्या नावाने 1872 मध्ये निघालेल्या चरित्रात लग्नाबद्दल सरळ शंका घेतली गेली आणि मोठा गदारोळ झाला.

नोंद अस्तित्वात होती, पण शेजारच्या वॉशिंग्टन परगण्यात, स्प्रिंगफील्ड गावच्या कचेरीत. लग्न वधूच्या नातलगांच्या घरी झाले होते आणि ते घर त्या परगण्यात होते. 1878 मध्ये तिथल्या कारकुनाने जुन्या कागदांची बाडे उपसली तेव्हा दोन कागद हाती आले. दोन्ही वेगवेगळ्या प्रकारचे आहेत आणि दोन्हींचे वजन वेगळे आहे, म्हणून ते जरा जवळून पाहू.

पहिला कागद म्हणजे लग्नाचा जामीनकतबा, 10 जून 1806 चा. त्या काळी केंटकीत लग्न करायचे तर वराने आणि एका जामीनदाराने पन्नास पौंडांचे बंधन लिहून द्यायचे: या लग्नाला काही कायदेशीर अडथळा निघाला तर एवढी रक्कम आम्ही भरू. यावर थॉमस लिंकनची सही आहे आणि रिचर्ड बेरीची. बेरीच्या नावापुढे वधूचा पालक असल्याची खूण आहे. हा कागद लग्नाची तयारी सिद्ध करतो, लग्न झाल्याचे नाही, कारण कतबा लिहून मोडलेली लग्नेही असतात. दुसरा कागद ते काम करतो. जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने आपण लावलेल्या लग्नांची यादी कचेरीत दाखल केली, त्यात थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांची नावे इतर अनेक जोडप्यांसोबत आहेत आणि तारीख आहे 12 जून 1806. ही यादी दाखल झाली 1807 च्या एप्रिलमध्ये.

ही तारीख फार मोलाची आहे. या यादीच्या वेळी अब्राहमचा जन्मही झालेला नव्हता. कचेरीतल्या माणसाला, धर्मोपदेशकाला, बेरीला, कुणालाच ठाऊक नव्हते की या जोडप्याचा मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होणार आहे. जो कागद घटनेच्या वेळी, दुसऱ्याच कारणासाठी, इतर दहा जणांच्या नावांसोबत लिहिला गेला, त्यात फेरफार करायला कुणाला कारणच नसते. प्रसिद्धीनंतर तयार झालेला कागद आणि प्रसिद्धीपूर्वी सहज लिहिला गेलेला कागद यांत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता साधे गणित. लग्न 12 जून 1806. थोरली मुलगी सेरा जन्मली 10 फेब्रुवारी 1807. अब्राहम 12 फेब्रुवारी 1809. भावंडांच्या या तारखा लिंकन यांनी घरच्या बायबलमध्ये स्वतःच्या हाताने नोंदवल्या आहेत. लग्नापासून सेराच्या जन्मापर्यंत दिवस होतात 243, म्हणजे आठ महिने. कुणाला कुजबुज करायचीच असेल तर ती सेराबद्दल करता येईल, आणि तीही फारशी नाही, कारण आठव्या महिन्यात बाळे जन्मतातच. अब्राहमचा जन्म मात्र लग्नानंतर दोन वर्षे आणि आठ महिन्यांनी झाला. त्याचा गर्भ राहिला असेल 1808 च्या मे महिन्याच्या आसपास. तेव्हा नॅन्सी केंटकीत नवऱ्याबरोबर राहत होती आणि तिच्या अंगाखांद्यावर सव्वा वर्षाची मुलगी होती. उत्तर कॅरोलायनातल्या एन्लोला या हिशेबात जागाच राहत नाही.

एन्लोच्या बाजूचे लोक यावर एकच उत्तर देऊ शकतात, आणि त्यांनी ते दिलेही: अब्राहमच्या जन्माची तारीख खोटी आहे, तो लग्नाआधीच जन्मला होता. पण मग तो सेरापेक्षा मोठा ठरतो. ज्यांनी या दोघांना एकत्र वाढताना पाहिले त्या सर्वांच्या आठवणीत सेरा थोरली आहे. शिवाय तारीख खोटी ठरवायची तर बायबलमधली नोंद, शेजाऱ्यांच्या आठवणी आणि लिंकन यांनी आयुष्यभर सांगितलेले वय हे सगळे एकदम खोटे ठरवावे लागते. दावा वाचवण्यासाठी असे एकामागून एक टेकू द्यावे लागले की तो पडायला आला आहे, असे खुशाल समजावे.

नावाचा पुरावा तर दिसतो तितका मोठा नाहीच. बापाचे नाव मुलाला दिले, असे एन्लोवाले म्हणतात. पण थॉमसच्या स्वतःच्या वडिलांचे नाव अब्राहम लिंकन होते. 1786 मध्ये केंटकीत शेतात काम करत असताना स्थानिक आदिवासींच्या हल्ल्यात ते मारले गेले, आणि लहान थॉमसने तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला होता. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात तसेच तिथेही ठेवले. यापलीकडे खुलासा लागत नाही.

गंमत म्हणजे केंटकीतही एक अब्राहम एन्लो होता आणि त्याच्या नावानेही हीच कथा चालत असे, कॅरोलायनातल्या कथेशी काही संबंध नसताना. 1920 मध्ये विल्यम बार्टन या धर्मोपदेशकाने लिंकन यांच्या पितृत्वावर स्वतंत्र ग्रंथ लिहून असे सगळे दावे एकेक करून तपासले. केंटकीचा हा एन्लो 1793 मध्ये जन्मला होता. अब्राहमचा गर्भ राहिला तेव्हा तो पंधरा वर्षांचा पोरगा होता. बार्टनपुढे आणखीही नावे आली, त्यांत दक्षिणेचे मोठे पुढारी जॉन कॅलहून यांचेही नाव होते. एका मुलाला एवढे बाप मिळू लागले की त्यांतल्या प्रत्येकाचा पुरावा आपोआप हलका होतो, कारण ‘आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे’ हेच प्रत्येकाचे म्हणणे असते आणि त्यांतला फार तर एकच खरा असू शकतो.

मग ही कथा आली कुठून? कॅथीला सांगणाऱ्या माणसांच्या साक्षी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांतल्या कुणी काही पाहिलेले नाही. मी माझ्या वडिलांकडून ऐकले, त्यांनी अमक्याकडून ऐकले, अशी साखळी आहे आणि ती लिंकन प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात येऊन थांबते. लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी कुणी ही गोष्ट लिहून ठेवल्याचा कागद मिळत नाही. हँक्स घराणे मोठे होते आणि त्यात नॅन्सी हे नाव घरोघर होते. तेव्हा एन्लोच्या घरी कुणी दुसरीच नॅन्सी हँक्स राहिली असेल आणि पुढे नाव ऐकून लोकांनी सांधा जोडला असेल, हे सहज शक्य आहे. मौखिक परंपरेत घटना पुष्कळदा खरी असते आणि माणसे बदललेली असतात.

या कथेला बळ देणारी दुसरी गोष्ट म्हणजे थॉमस लिंकनबद्दलची लोकांची समजूत. अडाणी, आळशी, दरिद्री माणूस असा त्याचा लौकिक चरित्रकारांनी करून ठेवला होता. अशा बापाच्या पोटी असा मुलगा कसा येईल? म्हणून खरा बाप दुसराच कुणी असला पाहिजे! हा विचार मला फार अन्यायाचा वाटतो. 1926 मध्ये लुई वॉरन यांनी केंटकीतली करपत्रके आणि न्यायालयाची दप्तरे चाळली, तेव्हा थॉमस जमीन विकत घेणारा, कर भरणारा, ज्यूरीत बसणारा, कसबी सुतार म्हणून पुढे आला. अब्राहमच्या जन्माआधी दोन महिने, डिसेंबर 1808 मध्ये, त्याने ती शेती घेतली होती जिथे मुलगा जन्मला. एका बापाचे नाव केवळ त्याच्या गरिबीमुळे पुसून टाकायला लोक तयार झाले.

अफवेमागे हितसंबंध असू शकतात, हे आपल्याला पुरंदरच्या उदाहरणावरून ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला आणि 18 एप्रिल 1774 ला गंगाबाईंनी सवाई माधवरावांना जन्म दिला. गडावर गर्भवती ब्राह्मण स्त्रिया नेऊन ठेवल्या होत्या आणि मूल बदलले, असे राघोबादादांच्या बाजूने बोलले गेले. गादी कुणाला मिळणार, हे त्या बाळावर ठरणार होते. तिथे दिवसांचे गणित जुळते म्हणून दावा पडत नाही, कारण मूल बदलल्याचा आरोप दिवस मोजून तपासता येत नाही. दावा कसला आहे यावर कुठला पुरावा लागतो, हे ठरते.

एवढ्यावर थांबलो तर कागद नेहमी जिंकतो आणि घरच्या गोष्टी नेहमी हरतात, असा समज होईल. लिंकन यांच्या आईच्या जन्माची कथा याच्या नेमकी उलट आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

लिंकन यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी सांगितले आहे की 1850 च्या सुमारास एका खटल्यासाठी दोघे घोडागाडीतून जात असताना लिंकन आपणहून आईबद्दल बोलले. आपली आई अनौरस होती, ल्यूसी हँक्स आणि व्हर्जिनियातला एक सुशिक्षित जमीनदार यांची मुलगी, असे त्यांनी सांगितले. ही घरातली गुप्त परंपरा, एका मित्राने कित्येक वर्षांनी लिहून ठेवलेली. हर्नडन यांच्या स्मरणशक्तीवर शंका घ्यायला जागा होती, आणि लोकांना ती गोष्ट मुळीच आवडली नाही.

1899 मध्ये, म्हणजे कॅथीच्या पुस्तकाच्याच वर्षी, कॅरोलिन हँक्स हिचकॉक यांनी या परंपरेवर कागदाचा घाव घातला. त्यांना नेल्सन परगण्याच्या कचेरीत जोसेफ हँक्स यांचे 1793 चे मृत्युपत्र मिळाले. मोठा मनोहर कागद आहे. जोसेफने मुलांना घोडे वाटले आहेत, प्रत्येक घोड्याचे नाव लिहून. मुलींना कालवडी दिल्या आहेत. एलिझाबेथला ‘जेंटल’, पॉलीला ‘लेडी’ आणि नॅन्सीला ‘पीडी’. हिचकॉक म्हणाल्या, ही बघा नॅन्सी हँक्स, सन्मानाने मृत्युपत्रात नाव असलेली औरस कन्या. लिंकन यांची आई अनौरस नव्हती! लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कागद अस्सल होता, सही अस्सल होती, तारीख बरोबर होती.

नॅन्सी मात्र दुसरी होती. एकाच नावाची दोन माणसे हा वंशावळ शोधणाऱ्याचा सर्वांत जुना शत्रू आहे, आणि त्याच्यावर उपाय एकच: कागदात सापडलेल्या माणसाचा पुढचा माग काढायचा. मृत्युपत्रातल्या नॅन्सीचा माग काढला तर ती 1799 मध्ये डेनिस हँक्स या मुलाची आई झाली, लग्नाविना, आणि पुढे तिचे लेव्ही हॉलशी लग्न झाले. नॅन्सी हॉल म्हणून ती इंडियानात 1818 मध्ये, विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून होणाऱ्या आजाराच्या साथीत वारली. लिंकन यांची आईही त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला त्याच साथीत गेली. दोन नॅन्सी, मावशी आणि भाची, एकाच वेळी हयात होत्या. म्हणजे कालवड मिळालेली नॅन्सी लिंकन यांची आई असूच शकत नव्हती.

मृत्युपत्रात ल्यूसीचे नावच नाही. का नाही, याचे उत्तर बहुधा दुसऱ्या एका दप्तरात आहे. नोव्हेंबर 1789 मध्ये मर्सर परगण्याच्या ग्रँड ज्यूरीने ल्यूसी हँक्सवर व्यभिचाराचा ठपका ठेवला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हेन्री स्पॅरोने तिच्याशी लग्नाचा कतबा केला. त्यासोबत ल्यूसीने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे: मी सज्ञान आहे आणि हेन्रीने परवाना काढायला माझी खुशीने संमती आहे. त्या काळातल्या त्या सीमेवरच्या वस्तीत लिहिता येणारी बाई विरळाच. ज्यूरीच्या आरोपाचे पुढे काही झाले नाही. तिच्यावर असा कलंक लागलेला असताना बापाने मृत्युपत्रात तिचे नाव वगळले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

डेनिस हँक्सला हे सगळे आतून ठाऊक असणार. हर्नडन यांनी त्याला विचारले तेव्हा त्याने ठामपणे सांगितले की लिंकन यांची आई हँक्स नव्हतीच, ती स्पॅरो होती. तो प्रत्यक्ष साक्षीदार होता, घरचा होता, पण इथे त्याच्या साक्षीवर विसंबून चालत नाही, कारण त्याचा स्वतःचा जन्मही असाच होता आणि घराण्याची झाकली मूठ त्याला झाकलीच ठेवायची होती. याउलट लिंकन यांनी मित्राला जे सांगितले त्यात त्यांचा कसलाच फायदा नव्हता, उलट अब्रूचा प्रश्न होता. आपल्या तोट्याची गोष्ट माणूस उगाच बनवून सांगत नाही, हे परंपरेला तोलण्याचे एक चांगले माप आहे. 1860 मध्ये एलिझाबेथटाउनच्या सॅम्युएल हेक्राफ्ट यांनी पत्रातून आईबद्दल चुकीची माहिती मांडली तेव्हा लिंकन यांनी एवढेच कळवले की आईचे माहेरचे नाव नॅन्सी हँक्स होते. त्यापुढे त्यांनी मौन पाळले.

तरीही वाद मिटला नव्हता. वॉरन यांच्या मते नॅन्सी ही ल्यूसी शिप्ली आणि जेम्स हँक्स यांची औरस मुलगी होती. रिचर्ड बेरीच्या घरात शिप्ली घराण्यातली स्त्री होती, त्यावर हा तर्क उभा होता. विसाव्या शतकात अभ्यासकांचे दोन तट पडले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या प्रश्नाला नवे वळण दिले. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियल डीएनए मुलींच्या ओळीने पुढे जातो. ल्यूसी हँक्सच्या स्त्री-वंशातल्या आणि जोसेफ हँक्सच्या बायकोच्या इतर मुलींच्या स्त्री-वंशातल्या हयात माणसांचे नमुने तपासले, तेव्हा X1c हा अतिशय दुर्मीळ गट दोन्हीकडे आढळला. म्हणजे ल्यूसी ही जोसेफचीच मुलगी. शिप्लींच्या वंशातला माग याच्याशी जुळला नाही.

या चाचणीला मर्यादाही आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. नॅन्सीच्या स्वतःच्या स्त्री-वंशातले कुणीच आज नाही. तिची एकुलती मुलगी सेरा 1828 मध्ये बाळंतपणात दगावली, बाळही गेले. त्यामुळे नॅन्सी ही ल्यूसीची मुलगी होती, हा शेवटचा दुवा डीएनएने नाही, तर परंपरा आणि दप्तरे यांच्या जोडीनेच जोडावा लागतो. वडिलांकडच्या ओळीचा मार्गही बंद आहे. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारा वाय गुणसूत्राचा माग लिंकन यांच्या घरात नातू जॅक याच्याबरोबर 1890 मध्ये संपला. तो सोळा वर्षांचा असताना वारला. एन्लो आणि थॉमस यांचा निवाडा आज वंशजांच्या रक्तावरून करता येत नाही. तो स्प्रिंगफील्डच्या त्या यादीवरून आणि 1807 व 1809 या दोन जन्मवर्षांवरूनच होतो, आणि पुरेसा भक्कम होतो.

व्हर्जिनियाचा तो जमीनदार कोण, हे मात्र कळलेले नाही. लिंकन यांनी त्याचे नाव हर्नडन यांना सांगितले नाही, आणि ल्यूसीने कुठेही लिहून ठेवल्याचा कागद सापडलेला नाही.